तीनच्या सुमाराला

सुमनचं डोकं दुखायला लागायचं ते पहाटे तीनच्या सुमाराला. आधी कपाळ जड व्हायचं, मग कानशिलं ठणकायची. सहाची इंजेक्शनं भरेपर्यंत अँप्यूलवरची बारीक अक्षरं वाचताना डोळे चोळावे लागायचे, आणि याचीच तिला धास्ती होती.

बीपी ठीक होतं, चष्म्याचा नंबरही तोच. "नाइट म्हटलं की चालायचंच," सोबतची रेखा म्हणायची. गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पण महिन्यातले निम्मे दिवस वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागतं, हे ती पेशंटना सांगत आली होती.

एका रात्री चार नंबरच्या आजोबांचा इनटेक-आउटपुट चार्ट भरताना तिचा हात थांबला. सलाइन ५०० मिली, पाणी १५०, लघवी ४००. आणि आपलं? ड्यूटीवर आल्यापासून अर्धा कप चहा. बाथरूमला एकदाच गेलेली, लघवीही गडद पिवळी. बाथरूम कॉरिडॉरच्या पार टोकाला, वॉर्डात दोघीच. मध्येच उठायला नको म्हणून ती पाणी टाळायची. घरून निघतानासुद्धा. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तहान लागल्याचंही कळेनासं झालं होतं.

तिनं खिशातल्या डायरीत स्वतःचा चार्ट सुरू केला. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात बाटली ठेवली. राउंड संपला की चार घोट. ठणका कमी झाला, उशिरा येऊ लागला. पण गेला नाही.

डायरीतच पुढचा धागा सापडला. साइड रूममध्ये पेशंटजवळ बसावं लागलं त्या रात्री डोकं दुखलंच नव्हतं. तिथे मंद दिवा असायचा. आणि इथे नर्सिंग स्टेशनवर डोक्यावर दोन उघड्या ट्यूब, खाली पांढरंशुभ्र टेबल. मान खाली घातली तरी उजेड डोळ्यांत. त्यातली एक जुन्या चोकची. तसली ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. नजरेला ते कळत नाही, पण काहींना त्याचा त्रास होतो.

सकाळी ती इन्चार्ज सिस्टरांकडे गेली.

"अंधारात व्हेन कशी सापडणार?" त्यांनी विचारलं.

"काम करताना पूर्ण लाइट हवाच, सिस्टर. लिहिताना टेबललॅम्प पुरेल. जुनी ट्यूब बदलायची, दुसरीला कव्हर बसवायचं. पेशंटच्याही डोळ्यांवर उजेड येणार नाही."

त्यांनी डायरी नीट वाचली आणि मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये स्वतः नोंद केली. ट्यूब बदलेपर्यंत दोनचा राउंड झाला की ती बंद ठेवायचं ठरलं. बाथरूमचा प्रश्न मात्र दोघींनीच सोडवायचा होता. त्या रात्री दोनचा राउंड संपला तशी रेखा म्हणाली, "मी आहे इथे. तू जाऊन ये, मग मी जाते."