मॅडम, हे ग्रुपवर टाकलं नाही, तुम्हालाच पाठवतोय

मॅडम, नमस्कार.

रात्रीचे साडेअकरा झालेत, लाइट गेली आहे आणि मोबाइल अठरा टक्क्यांवर आहे. त्यामुळे चुका झाल्या तर सांभाळून घ्या. तसं आजवर तेच करत आलात.

ग्रुपवर सगळ्यांनी "पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा" टाकलं, मीपण टाकलं, खाली जोडलेले हात. पाठवल्यावर वाटलं, हे तर मी मागच्या महिन्यात रिटायर झालेल्या शिपाईकाकांनाही जसंच्या तसं पाठवलं होतं. उद्याच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी उभा राहिल्यावर काय होतं हे तुम्ही पाहिलेलं आहे. म्हणून बोलायचं ते आत्ताच लिहितो. उद्या नुसतं "धन्यवाद" म्हणून खाली बसलो तर समजून घ्या.

तुम्ही जाणार हे मला ऑफिसमध्ये कळलंच नाही. गावातल्या आजोबांनी विचारलं, "काऊन रे, मॅडम जाऊन राह्यल्या म्हणते?" मी म्हटलं, नाही, अफवा आहे. गाडी वळवून ऑफिसला आलो तर तुम्ही कपाटातल्या फायली खोक्यात भरत होता. बदली मेळघाटात, धारणीला. तिथे पऱ्हाटी इथल्याएवढी नाही आणि लोक कोरकू बोलतात. पण तुम्ही आमची बोली शिकलात, तर तीही शिकालच. पहिल्या आठवड्यात बाजारात तुम्ही कोथिंबीर मागितली आणि ती बाई "सांबार पायजे का?" म्हणाली, तेव्हा "नको, मला भाजी करायची आहे, सांबार नाही" असं म्हणून तुम्ही पुढे निघाला होता. मी मागे पिशवी धरून उभा होतो. हसू आलं होतं, पण नोकरीला लागून चारच दिवस झाले होते म्हणून दाबलं. आता सांगायला हरकत नाही.

2023 च्या जूनमध्ये मी लागलो तेव्हा मला वाटलं होतं की फिल्डचं काम म्हणजे गाडी फिरवायची आणि सह्या आणायच्या. कामगंध सापळ्यात ल्युर लावायला गेलो त्या दिवशीच तुम्ही माझा हात धरला. अक्षरशः धरला, आणि वास घेतला. "खर्रा खाल्लास?" मी म्हटलं, थोडा. तुम्ही म्हणालात, या हाताने ल्युरला शिवलास तर पतंग येईल का? तुझ्या बायकोला तरी चालेल का हा वास? माझं लग्न झालेलं नाही हे तुम्हाला माहीत होतं. सगळे हसले. मला राग आला होता. साबणाने हात धुऊन परत आलो तेव्हा तुम्ही ल्युर माझ्याच हातात दिली, दुसऱ्या कोणाला दिली नाही. खर्रा सुटला असं म्हणणार नाही, कमी झाला. सापळ्याच्या दिवशी मात्र बंद असतो, हे खरं.

आता जी गोष्ट लिहायला हा सगळा प्रपंच करतोय, ती लिहितो. दोनदा टाइप करून खोडली आहे.

त्याच वर्षीचा पोळा आठवतो का? आदल्या रात्री पाऊस झाला होता, नाल्याला पाणी आणि रस्त्यावर काळा गारा. गाडीच्या मडगार्डमध्ये माती अशी भरायची की चाकच फिरायचं नाही. घरी बैल धुवायचे, झुली शोधायच्या, बाबा सकाळपासून आवाज देत होते. नाल्यापलीकडचे सापळे, सात ते बारा नंबर, मी पाहिले नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी नाही, पोळ्याला नाही, आणि तान्ह्या पोळ्यालाही नाही. रजिस्टरमध्ये मात्र तीन, चार, तीन, दोन असे आकडे भरले. आधीच्या आठवड्यात तसेच येत होते, म्हटलं आताही तेवढेच असतील. प्रत्येक आकडा थोडा वेगळा टाकला, खरा वाटावा म्हणून. एवढी अक्कल होती.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुम्ही ऑफिससमोर उभ्या. "गाडी काढ, पलीकडचे सापळे बघून येऊ." नाल्यापाशी गाडी लावून आपण चिखलातून चालत गेलो. तुमची चप्पल तुटली, ती हातात घेऊन तुम्ही चालत होता. नऊ नंबरची पिशवी फाटलेली होती, आत काहीच नाही. अकरा नंबरची खालची गाठ सोडून तुम्ही पतंग वर्तमानपत्रावर ओतले आणि काडीने एकेक बाजूला सारत मोजले. एकतीस. तीन रात्रींचे मिळून एकतीस. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले की धोक्याची पातळी, हे मी प्रत्येक गावात पाठ म्हणून दाखवत होतो. आणि माझ्या रजिस्टरमध्ये तीन, चार, तीन.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. "बोंडं फोडून बघू," एवढंच. वीस हिरवी बोंडं तोडली. मी बांधावर बसून फोडत होतो, तुम्ही बघत होता. दोन निघाली तरी फवारणीचा विचार करायचा असतो. तीन बोंडांत अळी निघाली. त्या संध्याकाळी आपण चार गावं फिरलो, रात्री दहाला ऑफिसला आलो. मग तुम्ही रजिस्टर मागितलं. मला वाटलं, झालं आता. तुम्ही माझे आकडे खोडले नाहीत. त्यांच्या खाली तारीख टाकली, एकतीस लिहिलं, सही केली आणि रजिस्टर बंद केलं. "चहा मिळेल का रे एवढ्या रात्री?" असं विचारलं.

त्या रात्री मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग त्या दुसऱ्या दिवसाला दीड वर्ष झालं. मॅडम, मी ते सापळे पाहिले नव्हते. आकडे घरी ओट्यावर बसून भरले होते. आपण एक दिवस आणखी उशिरा गेलो असतो तर त्या शेतांचं काय झालं असतं, ते मी बाबांच्या पऱ्हाटीत पाहिलेलं आहे. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं असं मला वाटतं. पण कळलं नसेल तर आज माझ्याकडून कळावं, रजिस्टरवरून किंवा आणखी कोणाकडून नको. त्यानंतरचा एकही आकडा मी न पाहता लिहिलेला नाही. हे खरं आहे की नाही, तुम्ही कधी अचानक येऊन तपासलं नाहीत, त्यामुळे माझा शब्दच आहे.

एवढं लिहून मी उठून पाणी पिऊन आलो. बारा टक्के.

बाकीचं पटापट लिहितो. पारावरच्या त्या पहिल्या मिटिंगसाठी आभार. मी कागदातून डोकं वर न काढता वाचत होतो आणि एकाने मधेच विचारलं, "ते जाऊ दे बाप्पा, तुह्या घरी एकरी किती होते?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे काय बघतोस, खरं सांग." मी सांगितलं, चार क्विंटल. त्या वर्षी तेवढाच झाला होता. लोक हसले, मग त्यातला एक म्हातारा सरकला आणि म्हणाला, बस इथं. तेव्हापासून मी तिथे उभा राहून बोललेलो नाही, त्यांच्यात बसूनच बोलतो. म्हणूनच उद्याचा माइक नको वाटतो.

आणि फवारणीच्या किटसाठी आभार. मास्क, हातमोजे, चष्मा हे तुम्ही वाटायला काढलं तेव्हा लोक म्हणत होते, या गर्मीत कोण घालते. मी पण मनात तेच म्हटलं होतं. 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, मजूर गेले, तेव्हा मी शाळेत होतो. आमचे मोठे बाबा तेव्हा चार दिवस दवाखान्यात होते, डोळ्यांना दिसत नव्हतं. ते वाचले. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही, पण तुम्ही किट घालून स्वतः पंप पाठीवर घेतला त्या दिवशी मोठे बाबा बांधावर उभे होते. घरी येऊन त्यांनी जुना फाटका रुमाल फेकला आणि मला म्हणाले, मलेबी आण एक. बस, एवढंच. त्यांच्याकडून हे फार आहे.

आता थोडी भीती सांगतो. नवीन साहेब सोमवारी येतायत. त्यांना मराठी येतं, पण आमचं येतं का माहीत नाही. मी बोलताना "येऊन राहिलो", "करून राहिलो" म्हणालो की तुम्ही हसायच्या, ते रागावतील की काय. ते आधी एक्सेल बघतील की शेत, हेही माहीत नाही. मृगाच्या आधीच्या बैठका यंदा माझ्याकडे आहेत, सहा गावं. निंबोळ्या गोळा करायचं आत्तापासून सांगायला हवं, पाच टक्के अर्काला शंभर लिटर पाण्यामागे पाच किलो लागतात आणि लोक ऐनवेळी दुकानात जातात. हे मला येतं. तरी काल स्वप्नात मी पारावर होतो आणि समोर कोणीच नव्हतं.

डोमकळी दिसायला लागल्यावर तुम्हाला एखादा फोन केला तर चालेल ना? रोज करणार नाही. फोटो पाठवीन, तुम्ही फक्त हो किंवा नाही लिहा.

रजिस्टर उद्या सकाळी तुमच्या टेबलावर ठेवतो, सह्या बाकी आहेत म्हणून. सप्टेंबर 2023 च्या त्या पानाला कोपऱ्यात घडी घातली आहे. ते नंतर साहेबांकडे जाईल आणि एकाच सापळ्याचे इतके वेगळे आकडे का, असं ते विचारतील. मी त्यांना जे झालं ते सांगायचं ठरवलं आहे. आत्ता रात्री तरी ठरवलं आहे.

तुमचा,
प्रफुल्ल

ता. क. आईने सांबारवडी केली आहे, उन्हाळ्यात सांबार किती महाग आहे ते बाजारात बघा. डबा स्टीलचा आहे, तिचा आवडता. म्हणाली, परत पाठवायची घाई नको, मॅडमले म्हणा पोळ्याले घेऊन या.