आठवी ‘ब’चा निरोप घेताना

आदरणीय वर्गशिक्षिका बाई आणि माझ्या मुलांनो,

आज माझी बी.एड.ची आंतरवासिता संपतेय. तुमचा गणिताचा तास बाईंनी विश्वासाने माझ्याकडे सोपवला, त्यांचे मनापासून आभार. तुम्हीही मला पाठ निरीक्षणाच्या दिवशी फार सांभाळून घेतलंत. इतकी शांतता या वर्गात एरवी नसते!

जाताना थोडं गणितच बोलते. x² − x − 12 चे अवयव पाडताना तुमच्यातले बरेच जण 4 आणि 3 अचूक शोधतात, पण चिन्हं उलटी लावून (x + 4)(x − 3) लिहितात. कारण गुणाकार दोन्हीकडे −12 च येतो आणि बेरीज तपासायची राहते. ती −1 हवी, म्हणून (x − 4)(x + 3). शंका आली तर x = 1 ठेवा: मूळ राशी −12, चुकीच्या उत्तराची किंमत −10. लगेच पकडलं जातं. मात्र एका किमतीला जुळलं म्हणजे उत्तर बरोबरच, असं नाही. शेवटी कंस गुणून बघाच.

चौकोनाच्या रचनेत कच्ची आकृती आधी. कंपासचा स्क्रू सैल असेल तर कंस काढताना अंतर सरकतं आणि शेवटची बाजू जुळत नाही. मग दोष पुस्तकाला!

मागच्या बाकावरच्यांनो, फळ्याजवळ येऊन उदाहरण सोडवायला तुम्ही शेवटी तयार झालात, याचा मला विशेष आनंद आहे.

सूत्रांचे तक्ते मागच्या भिंतीवर ठेवतेय. तपासलेल्या वह्या बाईंच्या टेबलावर आहेत, मधल्या सुट्टीत घेऊन जा. सोमवारपासून बाई ‘चलन’ सुरू करतील.

खूप खूप शुभेच्छा. येते मी.