शाळेच्या आवारातील अन्नजाळे : इयत्ता नववीसाठी तीन तासिकांचे पाठनियोजन

वर्ग व वेळ : इयत्ता नववी, ४० विद्यार्थी, पाच-पाच जणांचे ८ गट. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. शुक्रवारी शेवटची तासिका, शनिवारी सकाळच्या शाळेतील पहिल्या दोन तासिका सलग.
ठिकाण : वर्धा जिल्ह्यातील खेड्यातली शाळा. काळी माती, तारेचे कुंपण, एका बाजूला कपाशीचे वावर.
पाठ्यघटक : परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह. उत्पादक, प्राथमिक व द्वितीयक भक्षक, विघटक, पोषण पातळी.

या पाठाचा एकच कडक नियम आहे: पुरावा नसेल तर बाण नाही. फळ्यावर अन्नजाळे काढायला सांगितले की मुले गवत–हरीण–वाघ काढतात. ताडोबा जवळ असला तरी आपल्या आवारात वाघ नाही. मुलांनी स्वतः पाहिलेले किंवा खुणेवरून ओळखलेले तेवढेच सजीव जाळ्यात येतील. पुस्तकातून घेतलेला संबंध चालेल, पण तो वेगळ्या रेषेने दाखवायचा. असे जाळे लहान होते आणि त्यात जागोजागी रिकाम्या जागा राहतात. त्या रिकाम्या जागांवरच शनिवारची चर्चा उभी राहते.

पाठानंतर विद्यार्थ्याला हे यावे
आवारातील किमान १२ सजीवांची नोंद करून त्यांची पोषण पातळी सांगणे. बाणाची दिशा बरोबर काढणे. एक सजीव वगळला तर कोणावर काय परिणाम होईल, ते आपल्याच जाळ्यावरून कारणासह सांगणे.

साहित्य (प्रत्येक गटाला)
५ मीटर सुतळी, ४ खुंट्या, जुने पांढरे धोतर किंवा चादरीचा तुकडा, झाकणाला छिद्रे असलेली पारदर्शक बरणी, मऊ ब्रश, भिंग, पट्टी, नोंदपत्रक, पेन्सिल. पेन नको, दवाने शाई पसरते. याशिवाय वर्गासाठी प्लास्टिकचे १६ पेले, एक खुरपी, ओंजळभर बारीक वाळू, आणि छायाचित्रांसाठी शिक्षकांचा एक मोबाइल. छायाचित्रात शेजारी नाणे ठेवा, म्हणजे आकार कळतो.

आधी पाहून घ्यायच्या गोष्टी
आदल्या दिवशी आवारात स्वतः एक फेरी मारा. शेजारच्या कपाशीवर गेल्या दोन-तीन दिवसांत फवारणी झाली आहे का, हे त्या कास्तकाराला विचारा. झाली असेल तर कुंपणाकडची ठिकाणे सोडून द्या किंवा पाठ पुढच्या आठवड्यावर न्या. फवारणी झाली नसली तरी कपाशीला हात लावायचा नाही, निरीक्षण कुंपणाच्या आतूनच.

दगड, विटा, लाकडे हाताने उचलायची नाहीत. काठीने आणि आपल्यापासून दूरच्या बाजूने उलटायची, कारण खाली विंचू असतो. साप दिसला तर सगळ्यांनी मागे सरून शिक्षकांना सांगायचे. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून रुईवर पाने तोडण्यास बंदी. दम्याचा किंवा त्वचेच्या ॲलर्जीचा त्रास असलेल्या मुलांना गाजरगवताचे ठिकाण देऊ नका. हिंग्यासारख्या काही भुंगेऱ्यांच्या अंगातील द्रवाने फोड येतात, त्यामुळे कोणताही कीटक बोटांनी धरायचा नाही, ब्रशने बरणीत ढकलायचा. चपला नकोत, बूट असलेले बरे.

शुक्रवार : सापळे लावणे (३५ मिनिटे)

पहिली दहा मिनिटे वर्गात. एकच प्रश्न विचारा: "आपल्या आवारात कोण कोणाला खाते?" उत्तरे फळ्याच्या एका कोपऱ्यात जशीच्या तशी लिहा आणि शनिवारपर्यंत पुसू नका.

मग ठिकाणे वाटा: (१) कुंपणाजवळचे रुईचे झुडूप, (२) कडुनिंबाखालचा पाला, (३) मैदानाच्या कडेची हराळी, (४) तरोटा, (५) गाजरगवताचा पट्टा, (६) हातपंपाजवळची ओल, (७) पोषण आहाराच्या स्वयंपाकखोलीची मागची बाजू, (८) व्हरांडा आणि भिंत. वावराकडचा धुरा सगळ्यांनी मिळून पाहायचा.

प्रत्येक गट आपल्या ठिकाणी दोन पेले जमिनीत पुरतो. पक्क्या जमिनीमुळे व्हरांड्याचा गट आपले पेले भिंतीलगतच्या मातीत लावतो. पेल्याच्या तळाला सुईने चार छिद्रे पाडा, नाहीतर रात्री पाऊस आला की आतले कीटक बुडतात. आत पाणी, साबण, औषध काही घालायचे नाही, पकडलेले जीव सोडायचे आहेत. वर तीन खडे ठेवून त्यावर खापरी टेकवा.

हा सापळा बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतो. पेल्याची कड जमिनीच्या वर दोन मिलिमीटर जरी राहिली, तरी मुंग्या आणि भुंगेरे वळसा घालून जातात. काळ्या मातीत आणखी एक अडचण येते. ऊन पडले की ती आक्रसते आणि पेल्याभोवती फट पडते, मग कीटक पेल्याऐवजी फटीत उतरतात. म्हणून पेल्याभोवती वाळू भरा आणि ती कडेपर्यंत बोटाने सारखी करा.

शनिवार, पहिली तासिका : सर्वेक्षण

शाळा भरताच आधी पेले पाहा. उशीर झाला तर पेल्यातल्या मुंग्या बाकीच्यांना खाऊन टाकतात आणि उरलेले उन्हाने मरतात. नोंद करून सगळे जीव तिथेच सोडा, पेले काढा आणि खड्डे बुजवा.

यानंतर प्रत्येक गट सुतळी आणि खुंट्यांनी १ मीटर × १ मीटरचा चौरस आखतो. जागा निवडण्यासाठी खडा डोळे मिटून मागे टाका. तसे केले नाही तर मुले जिथे किडे दिसतात तिथेच चौरस आखतात आणि मोजणीला अर्थ राहत नाही. चौरसात १० मिनिटे: पहिली दोन मिनिटे कोणी हलायचे नाही, कारण नाकतोडे आणि सरडे चाहुलीने पळतात, मग वरून खाली, म्हणजे पाने, खोड, जमीन, पाला या क्रमाने पाहायचे. झुडपाखाली कापड धरून फांदी दहा वेळा हलवायची आणि खाली पडलेले पटकन मोजायचे. शेवटची ५ मिनिटे सर्वांनी फक्त पक्ष्यांसाठी द्यायची: साळुंकी, चिमणी, होला, तारेवरचा कोतवाल, गुरांमागे फिरणारा गायबगळा.

मुंग्या आणि मावा एकेक मोजत बसू नका. तीनच गट पुरेत: थोडे (१–५), मध्यम (६–२०), पुष्कळ (२० पेक्षा जास्त). नाव येत नसेल तर "सहा पायांचा, काळा, पाठीवर दोन लाल ठिपके" असे वर्णन लिहायचे. अंदाजाने नाव लिहिण्यापेक्षा हे वर्णन अधिक उपयोगी पडते.

रुईच्या गटाचा नमुना:

| सजीव | संख्या | काय करताना दिसला | पुरावा |
|---|---|---|---|
| पिवळा मावा | पुष्कळ | कोवळ्या शेंड्यावर रस शोषताना | पाहिले |
| मुंगी | मध्यम | माव्याजवळ, गोड द्रव घेताना | पाहिले |
| ढालकिड्याची अळी | थोडे | मावा खाताना | पाहिले |
| पट्टेदार सुरवंट | थोडे | पानाच्या कडेला | कुरतडलेली पाने (खूण) |
| कोळी | थोडे | जाळ्यात, जाळ्यात पंख अडकलेले | खूण |

ढालकिड्याची अळी नक्की दाखवा. काळसर, लांबट, काटेरी असल्यामुळे मुले तिला पीक खाणारी कीड समजून चिरडतात. ती मित्रकीटक आहे आणि घरी कपाशीवरही माव्याचा फडशा पाडते. गाजरगवतावर पांढरट पंखांवर काळ्या रेघा असलेले मेक्सिकन भुंगे भेटण्याची चांगली शक्यता असते. गाजरगवत आटोक्यात आणण्यासाठी ते १९८४ मध्ये भारतात सोडण्यात आले. बाहेरून आलेली वनस्पती आणि तिच्यामागे मुद्दाम आणलेला भक्षक, ही साखळी मुलांच्या पायाशीच उभी असते.

शनिवार, दुसरी तासिका : जाळे विणणे

प्रत्येक गट आपल्या सजीवांची नावे जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहितो. सर्व पुठ्ठे व्हरांड्याच्या फरशीवर मांडा: खाली वनस्पती आणि पाला, वर भक्षक. एकच सजीव दोन गटांकडे असेल तर एकच पुठ्ठा ठेवा. मग खडूने बाण काढा. प्रत्यक्ष पाहिले असेल तर सलग रेघ, खूण असेल तर तुटक रेघ, पुस्तकातून असेल तर ठिपके. बाण काढणाऱ्याने पुरावा मोठ्याने सांगायचा. न सांगता आला तर बाण पुसायचा.

सर्वांत जास्त चूक दिशेत होते. "सरडा नाकतोडा खातो" या क्रमाने मुले सरड्याकडून नाकतोड्याकडे बाण काढतात. प्रत्येक बाणाला "ऊर्जा कोणाकडून कोणाकडे गेली?" हे विचारायला लावा: हराळी → नाकतोडा → सरडा.

दुसरी चूक म्हणजे पाला, शेण आणि विघटक विसरणे. कडुनिंबाखाली जाळीदार झालेले पान, ओल्या लाकडावरची बुरशी, वाळवी, वाणी, गांडूळ, शेणकिडा यांना जाळ्यात जागा हवी. जिवाणू दिसत नाहीत. जाळीदार पान ही विघटनाची खूण धरून "बुरशी-जिवाणू" असा एक पुठ्ठा तुटक रेघेने जोडा.

सातव्या गटाचे ठिकाण इथे कामी येते. सांडलेल्या खिचडीवर मुंग्या, चिमण्या, कावळे आणि कुत्रा येतात. तो तांदूळ आवारात उगवलेला नाही. "तांदूळ" हा पुठ्ठा कुठे ठेवायचा, यावर वाद होऊ द्या. तो उत्पादकांच्या ओळीत, पण खडूच्या चौकटीबाहेर ठेवणे योग्य, कारण आवाराच्या जाळ्यात ऊर्जा बाहेरूनही येते.

एक सजीव काढून पाहणे (१० मिनिटे). १५ पुठ्ठे निवडा, १५ मुलांना द्या आणि उरलेल्या सुतळीचे तुकडे बाणांप्रमाणे त्यांच्या हातात द्या. एकच लांब दोरी वापरू नका, ती गुंतते. आता "मावा" खाली बसतो आणि आपल्या सुतळ्या सोडतो. ज्याच्या अन्नाच्या निम्म्याहून जास्त सुतळ्या सुटल्या, तोच बसेल. हा नियम न लावल्यास सगळे एकदम बसतात आणि "सगळे सगळ्यांवर अवलंबून" एवढेच हाती येते. नियम लावला की ढालकिडा बसतो, पण पाल, कोळी, साळुंकी उभी राहतात, कारण त्यांचे अन्न अनेक प्रकारचे असते. मग विचारा: मुंगीचे काय?

मनोरा. रुईच्या गटाचीच संख्या फळ्यावर घ्या: एक झुडूप, पुष्कळ मावा, थोड्या अळ्या. संख्येचा मनोरा खाली अरुंद, मध्ये फुगलेला निघतो. त्याच झुडपासाठी ऊर्जेचा मनोरा काढा. झुडपात १००० एकके ऊर्जा साठली आणि ती सर्व खाल्ली गेली असे मानले, तर माव्यात सुमारे १००, ढालकिड्यात १०, त्याला खाणाऱ्या कोळ्यात १. लिंडेमन यांनी १९४२ मध्ये एका तळ्याच्या अभ्यासातून मांडलेल्या विचारावर हा १० टक्क्यांचा ढोबळ नियम उभा आहे. प्रत्यक्षात हे प्रमाण कमी-जास्त होते. बाकीची ऊर्जा श्वसनात, उष्णतेत आणि न पचलेल्या अन्नात जाते. आवारात शिक्रा एखादाच का दिसतो, हे आता मुलेच सांगतील.

शेवटी शुक्रवारची फळ्यावरची यादी वाचा. ज्याला पुरावा मिळाला त्यापुढे बरोबरची खूण करा.

मूल्यमापन (१० गुण)
नोंदपत्रक पूर्ण आणि वर्णने स्पष्ट: ३. बाणांची दिशा आणि पुराव्याच्या रेषा: ३. खालील प्रश्नांची उत्तरे: ४. सजीवांच्या संख्येवर गुण देऊ नका. तसे केले तर व्हरांड्याच्या गटावर अन्याय होतो आणि पुढच्या वर्षी मुले न पाहिलेले कीटकही लिहू लागतात.

१. तुमच्या जाळ्यातील सर्वांत लांब अन्नसाखळी लिहा. ती चार-पाच कड्यांपुढे का गेली नाही?
२. आवारातले सगळे गवत आणि तरोटा कापून टाकला, तर आठवड्यात कोणते दोन सजीव कमी होतील? कोणाला फारसा फरक पडणार नाही?
३. कीटकनाशकाने मावा आणि ढालकिडा दोन्ही मेले. मावा पुन्हा लवकर वाढतो, ढालकिडा उशिरा. त्या काळात काय होईल?
४. तुमच्या जाळ्यातला एक ठिपक्यांचा बाण निवडा. तो सलग करण्यासाठी कधी, कुठे आणि काय पाहाल?

पुढचे काम. नोंदपत्रके जपून ठेवा. फेब्रुवारीत, कपाशीची वेचणी संपत आल्यावर आणि गवत वाळल्यावर, त्याच आठ ठिकाणी हेच सर्वेक्षण पुन्हा करा. तेव्हा जमीन कडक असते, म्हणून पेले लावायच्या जागी आदल्या रात्री पाणी ओता.