घरमालक काकांना मेल: ओली भिंत आणि पुढचा करार

दादा,

तू पाठवलेला मसुदा वाचला. तो एआयकडून करून घेतलास म्हणून माझी हरकत नाही. मी दोन महिने ढकलत असलेला विषय त्यामुळे एकदाचा कागदावर आला. पण हा मेल काकांना असाच पाठवायचा नाही. मी सगळा नव्यानं लिहिलाय. काय काढलं, काय ठेवलं ते तुला कळावं म्हणून आधी तुझा मसुदा इथेच ठेवते.

विषय: सदनिकेतील गंभीर गळती व करार नूतनीकरणाबाबत

आदरणीय महोदय,

सविनय नमस्कार. आपण व आपले कुटुंबीय कुशल असाल अशी आशा बाळगते. प्रस्तुत पत्राद्वारे आपले लक्ष एका अत्यंत महत्त्वाच्या बाबीकडे वेधू इच्छिते. मी वास्तव्यास असलेल्या सदनिकेमध्ये गेल्या काही काळापासून गंभीर स्वरूपाची गळती होत असून त्यामुळे आम्हास प्रचंड गैरसोय व मानसिक ताण सहन करावा लागत आहे. याबाबत अनेकदा तोंडी कळवूनही अद्याप समाधानकारक कार्यवाही झालेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये आपल्यावर असलेल्या जबाबदारीची मी आपणास नम्रपणे आठवण करून देऊ इच्छिते. तरी सात दिवसांच्या आत आवश्यक दुरुस्ती करून द्यावी, अन्यथा पुढील पर्यायांचा विचार करणे आम्हास भाग पडेल. तसेच कराराचे नूतनीकरण परस्पर सामंजस्याने व्हावे, अशी अपेक्षा आहे. आपल्या अमूल्य वेळेबद्दल व सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपली विश्वासू

आता माझं म्हणणं.

सगळ्यात आधी जे खरं नाही ते काढलं. ‘अनेकदा तोंडी कळवूनही’ असं यात आहे. मी काकांना फोनवर एकदाच सांगितलं, तेही जूनमध्ये, पाऊस नुकताच सुरू झाला होता तेव्हा. ते तेव्हाच म्हणाले होते, ‘मला मेल टाक, फोनवरचं माझ्या लक्षात राहत नाही.’ मेल टाकला नाही तो आपणच. अशात ‘कार्यवाही झालेली नाही’ असं लिहिलं तर माणूस दुखावेल, आणि बरोबरच दुखावेल. मानसिक ताणही काढला. मला काळजी वाटते ती स्विचबोर्डची, आणि तुझ्या मसुद्यात त्या बोर्डचा एक शब्दही नाही! खरी धोक्याची गोष्ट राहिली आणि नुसतं ‘गंभीर’, ‘प्रचंड’, ‘अत्यंत’ उरलं.

कलम ५५ तर राहूच शकत नाही. ते कलम करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी यासाठी आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकतं. गळतीशी त्याचा संबंध नाही. आपला करार काकांनी स्वतः पुढाकार घेऊन नोंदवला, पोलिसांकडची भाडेकरूची माहितीसुद्धा त्यांनीच भरली. त्याच माणसाला तेच कलम दाखवायचं? पाटबंधारे खात्यात नोकरी झालेले आहेत ते, कायदा माझ्यापेक्षा जास्त वाचतात. चुकीचं कलम बघितल्यावर पुढचं सगळं त्याच नजरेनं वाचतील.

‘अन्यथा’ काढला. आपल्याला हे घर सोडायचं नाही. जी धमकी खरी करायची नाही ती लिहूही नये असं मला वाटतं. सात दिवसांची मुदतही निघाली, कारण भर पावसात बाहेरच्या भिंतीचं काम कुणी करत नाही, ते काकांनाही माहीत आहे. त्याऐवजी कोणतं काम आत्ता हवं आणि कोणतं पाऊस थांबल्यावर, ते वेगवेगळं लिहिलंय.

आणि ‘महोदय’ नको. मी त्यांना समोर काका म्हणते, मेलमध्येही काकाच म्हणणार. पण ‘तुम्ही’ म्हणून, आणि पैशांचे आकडे स्पष्ट लिहून. सलगी दाखवून भाडं कमी करून मागतेय असं त्यांना कुठेही वाटता कामा नये. म्हणून भाडेवाढ आपणहून मान्य केलीय. ती करारात ठरलेलीच आहे, आणि भिंतीचा विषय तिच्याशी बांधला की दोन्ही बिघडतील.

तुझ्या मसुद्यातलं मी एक ठेवलं: गळती आणि करार दोन्ही एकाच मेलमध्ये. मी आधी दोन वेगळे करणार होते, पण काका गणपतीत पुण्याला येतात, एका खेपेत दोन्ही कामं होतील. हा माझा मेल.

विषय: कर्वेनगरचा फ्लॅट – बेडरूमच्या भिंतीला ओल, आणि नोव्हेंबरचा करार

काका, नमस्कार.

काकूंचा गुडघा आता कसा आहे? नाशिकलाही यंदा पाऊस बराच असेल.

जूनमध्ये फोनवर बोललो तेव्हा तुम्ही मेल टाकायला सांगितलं होतं. माझ्याकडून उशीर झाला. दोन कामं आहेत, दोन्ही इथेच लिहिते.

पहिलं भिंतीचं. बेडरूमची पश्चिमेकडची भिंत, म्हणजे खिडकीच्या डाव्या हाताची, ओली होते. जूनमध्ये खिडकीच्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग होता. आता तो खाली जमिनीपासून कमरेपर्यंत आलाय आणि रंगाचे पोपडे निघताहेत. मी लक्ष ठेवलंय: जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी डाग वाढतो, आणि चार-पाच दिवस उघडीप मिळाली की सुकायला लागतो. वरच्या मजल्यावरच्या ताईंकडे जाऊन बघून आले. त्या भिंतीला लागून त्यांचं बाथरूम नाही, बेडरूमच आहे, आणि त्यांच्याकडेही त्याच जागी थोडी ओल आहे. त्यामुळे पाइप फुटलेला नसून पाऊस बाहेरून आत येतोय असं मला वाटतं. खाली उभं राहून पाहिलं तर बाहेरच्या प्लास्टरला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर दिसते. फोटो सोबत जोडलेत, पहिले दोन आतले, तिसरा बाहेरचा. अर्थात मी जाणकार नाही, कुणी माहितगार येऊन बघेल तेव्हाच नक्की कळेल.

त्याच भिंतीवर पलंगाजवळचा स्विचबोर्ड आहे, आणि ओल त्याच्या अगदी खालपर्यंत आलीय. मी त्या बोर्डचा एमसीबी बंद करून ठेवलाय आणि बोर्ड वापरत नाही. एवढं एक काम मात्र पाऊस थांबायची वाट न बघता करावं असं मला वाटतं. आपल्या बिल्डिंगमध्ये नेहमी येणारे इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांना नुसतं बघायला बोलावलं होतं. ते म्हणाले, बोर्ड शेजारच्या कोरड्या भिंतीवर घेता येईल, वायर आणि मजुरी धरून साधारण २,२०० रुपये. तुम्ही हो म्हणालात तर मी या रविवारी समोर उभी राहून करून घेते, आधी मी पैसे देते आणि बिल तुम्हाला पाठवते. पुढच्या भाड्यातून वळते करायचे की वेगळे द्यायचे, तुम्ही सांगाल तसं. तुमच्या ओळखीचा कुणी असेल तर त्यांचा नंबर द्या, मी त्यांनाच बोलावते.

बाहेरच्या भिंतीसाठी सोसायटीला पत्र द्यावं लागेल. मी सेक्रेटरींना सहज विचारलं. ते म्हणाले, बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी येत असेल तर ती दुरुस्ती सोसायटीनं करायची असते, पण पत्र फ्लॅटमालकाच्या सहीचं हवं, भाडेकरूचं चालत नाही. वरच्या ताईही पत्र देणार आहेत. दोन्ही पत्रं बरोबर गेली तर बरं होईल. तुम्ही हवं तर मजकूर मला पाठवा, मी प्रिंट काढून ठेवते, म्हणजे गणपतीला याल तेव्हा फक्त सही करायची राहील. त्याआधी द्यायचं असेल तर सही केलेलं पत्र स्कॅन करून पाठवा, मी ऑफिसात देऊन पोच घेते.

आतलं प्लास्टर आणि रंग इतक्यात करू नये असं मला वाटतं. ओल्या भिंतीवर रंग धरणार नाही आणि तुमचा खर्च वाया जाईल. दसऱ्यानंतर भिंत सुकली आणि बाहेरचं काम झालं की बघू. तोवर मी पलंग आणि कपाट त्या भिंतीपासून लांब सरकवलंय. आमची काही अडचण नाही, हॉलमध्ये झोपतो.

दुसरं कराराचं. आपला अकरा महिन्यांचा करार १४ नोव्हेंबरला संपतो. तुमची हरकत नसेल तर आम्हाला पुढेही राहायचंय. करारात ठरल्याप्रमाणे भाडं ५ टक्क्यांनी वाढून १८,००० चं १८,९०० होईल, ते मला मान्य आहे. डिपॉझिट ६०,००० तसंच ठेवावं अशी विनंती. नोंदणी फी, मुद्रांक शुल्क आणि एजंटची फी मागच्या वेळेसारखी निम्मी-निम्मी. तुमचा काही वेगळा विचार असेल, म्हणजे घर विकायचं असेल किंवा घरातलं कुणी राहायला येणार असेल, तर मोकळेपणानं सांगा. फक्त सप्टेंबरअखेर कळलं तर बरं पडेल, दुसरं घर बघायला तेवढा वेळ लागतो.

गणपतीला येण्याची तारीख ठरली की कळवा. मी त्या दिवशी घरी थांबेन, भिंत तुम्ही स्वतः बघितलेली बरी. काकूही येणार असतील तर जेवायलाच या.

बोर्डचं तेवढं एक-दोन दिवसांत सांगा. फोन केलात तरी चालेल, संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.

काकूंना नमस्कार.

ज्योती
बी-११, तिसरा मजला

बस, एवढाच आहे. तुझ्यापेक्षा लांब झाला, मला माहीत आहे. पण काकांना काय झालंय, काय करायचंय आणि कुणी किती पैसे द्यायचे हे एकदाच वाचून कळेल, पुन्हा फोन करून विचारावं लागणार नाही. आभार मी मुद्दाम मानले नाहीत. काम झाल्यावर फोन करून मानेन.

पाठवायच्या आधी तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. बाहेरच्या चिरेचा फोटो तुझ्या मोबाइलमध्ये आहे, रविवारी तूच काढलास, तो पाठव. आणि कराराची प्रत तुझ्या कपाटात आहे, त्यात भाडेवाढ ५ टक्केच लिहिलीय ना ते उघडून बघ. मला आठवतंय तसं लिहिलंय, पण आकडा मेलमध्ये जाणार आहे. शिफ्टवरून आल्यावर आज रात्रीच बघ, म्हणजे सकाळी पाठवते.

ज्योती