विषय: बॅटरीची वॉरंटी नाकारणाऱ्या आपल्या पत्राला उत्तर

कवळे, फोंडा, गोवा
२८ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

महोदय,

आपलं २१ जुलैचं पत्र मिळालं. माझ्या विजेच्या स्कूटरच्या बॅटरीत पाणी शिरलं, ते मी "साचलेल्या खोल पाण्यातून गाडी चालवल्यामुळे किंवा प्रेशर पंपाने धुतल्यामुळे" शिरलं, म्हणून वॉरंटी लागू नाही आणि नव्या बॅटरीचे ६८,००० रुपये मी भरावेत, असं त्यात म्हटलं आहे. हे मला मान्य नाही. "किंवा" हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. दोन्हींपैकी नेमकं काय घडलं हे आपल्यालाच ठाऊक नाही, आणि तरीही दोष माझा हे मात्र ठरून गेलं आहे.

गाडी मी १४ मार्च २०२४ रोजी घेतली. बॅटरीची वॉरंटी ३ वर्षं किंवा ३०,००० किलोमीटर, यांतलं जे आधी होईल ते. गाडी बंद पडली तेव्हा मीटरवर ९,८४६ किलोमीटर होते. मी कुंडई औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. घर ते कारखाना आणि परत, एवढाच या गाडीचा वापर. नोंदी जपून ठेवायची सवय मला कामामुळेच लागली आहे, त्यामुळे खाली लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीचा कागद किंवा फोटो माझ्याकडे आहे.

सगळ्यात महत्त्वाची तारीख ११ जून. त्या दिवशी सकाळी गाडीच्या पडद्यावर बॅटरीच्या इन्सुलेशनमध्ये बिघाड असल्याची लाल सूचना आली. मी लगेच फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी गाडी फोंड्यातल्या आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दिली. त्यांच्या जॉबकार्डवर माझी तक्रार लिहिलेली आहे आणि खाली शेरा आहे: "सॉफ्टवेअर अपडेट केले, गाडी ओके". बॅटरी उघडली नाही, सील तपासलं नाही, ओलावा मोजला नाही. सूचना दिसेनाशी झाली, एवढंच. पुढे ३ जुलैला फर्मागुडीचा चढ चढताना गाडी थांबली ती थांबलीच. म्हणजे बॅटरीने बावीस दिवस आधी हाक दिली होती, ती मी आपल्यापर्यंत पोचवली, आणि आपल्या माणसांनी ती पुसून टाकली. आपल्या पत्रात ११ जूनचा उल्लेखही नाही. याचं मला फार वाईट वाटलं.

आता खोल पाण्याचं. आपल्याच ॲपमध्ये प्रत्येक फेरीची वेळ, अंतर आणि वेग नोंदला जातो. १ जून ते ३ जुलै या काळात कामाचे २८ दिवस होते. एक दिवस गाडी आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये होती. चार दिवस पाऊस इतका झोडपत होता की मी कदंब बसने गेले. त्यांत १ आणि २ जुलै हे दोन दिवस आहेत, आणि बसची तिकिटं मी ठेवली आहेत. उरलेल्या २३ दिवसांच्या ४५ फेऱ्या नोंदलेल्या आहेत. शेवटची अर्धवट फेरी सोडली तर प्रत्येक फेरी १९ ते २७ मिनिटांची आहे. गुडघाभर पाण्यातून कुणी त्या वेळेत कुंडई गाठून दाखवावी. गाडी बंद पडायच्या आधीचे दोन दिवस ती आमच्या बलकावाच्या छपराखाली उभी होती. ॲपमध्ये त्या दोन दिवसांत एक मीटरही नोंद नाही.

एक गोष्ट मी लपवत नाही. २१ जूनला मार्दोळजवळ रस्त्यावर पाणी होतं आणि मी त्यातून गेले. पाणी चाकाच्या रिमच्या खालच्या कडेला लागत होतं. आपल्या मॅन्युअलमध्ये ३०० मिलिमीटरपर्यंतच्या पाण्यातून सावकाश जाता येतं असं लिहिलं आहे, आणि हे पाणी त्याच्या निम्मंही नव्हतं. शिवाय तोपर्यंत बिघाडाची सूचना येऊन दहा दिवस झाले होते.

प्रेशर पंपाबद्दलही तेच. घरी मी बादली आणि फडक्याने गाडी पुसते. आमच्याकडे तसा पंप नाही. या गाडीवर पंपाचं पाणी एकदाच मारलं गेलं, ते १८ जानेवारी २०२५ रोजी, आपल्याच सर्व्हिस सेंटरमध्ये. त्या दिवशीच्या बिलात "वॉशिंग" ही ओळ आहे आणि धुताना मी समोर उभी होते.

९ जुलैला आपल्या तंत्रज्ञांनी मला न बोलावता बॅटरी उघडली. त्याआधी कंपनीचं सील शाबूत होतं, हे त्यांनीच जॉबकार्डवर लिहिलं आहे. त्यांनी मला चार फोटो पाठवले. त्यांत गंज आणि हिरवट-पांढरा थर फक्त वरच्या झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात, दोन बोल्टांच्या मधे आहे. तिसऱ्या फोटोत त्याच जागी रबरी सील दुमडून चिमटलेलं स्पष्ट दिसतं. गाडी पाण्यात बुडाली असती तर चिखलाची रेघ खालून वर चढली असती. मोटरचा कनेक्टर आणि बॅटरीखालचा पत्रा आधी खराब झाला असता. आपल्याच फोटोत ते दोन्ही स्वच्छ आहेत, पत्र्यावर कोरडी धूळ आहे. दुमडलेलं सील हा बॅटरी जोडतानाचा दोष आहे, असं मी ठामपणे म्हणते.

आणि मुळात या बॅटरीवर IP67 असं छापलेलं आहे. त्यातला ७ हा आकडा म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत अपाय होईल इतकं पाणी शिरता कामा नये. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हे ठाऊक असूनच आपण इथे शोरूम उघडलं आणि पावसात बिनधास्त चालवा म्हणून मला गाडी विकली.

म्हणून माझी मागणी अशी. वॉरंटीखाली नवी बॅटरी विनामूल्य बसवून द्यावी, आणि ४ जुलैपासून गाडी मिळेपर्यंतचा माझा प्रवासखर्च द्यावा. हे मान्य नसेल तर दोन्ही बाजूंच्या समक्ष बॅटरी सीलबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. जो निकाल येईल तो मी स्वीकारेन. तोपर्यंत बॅटरी, जुनं सील आणि बॅटरीतल्या बिघाडांच्या नोंदी जशाच्या तशा ठेवाव्यात. त्यातलं काही नाहीसं झालं तर ते मी आपल्याविरुद्धचा पुरावा म्हणून मांडेन.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५ खाली मडगावच्या दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची सोय या कायद्यात आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा अधिकार कलम ३८ ने आयोगाला दिलेला आहेच.

खरेदीचं बिल, ११ जूनचा फोटो, तिन्ही जॉबकार्डं, जानेवारीचं बिल, ॲपमधल्या फेऱ्यांची छापील यादी, बसची तिकिटं आणि आपले चार फोटो यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

आपली,
सुजाता नाईक