काचेच्या चिपेचा अपवर्तनांक: कोनवाचनातील अनिश्चिततेसह प्रयोगाचा अहवाल

साहित्य आणि मांडणी

७५ × ५० मिमी आकाराची काचेची चीप, १° भागांचे कोनमापक, टाचण्या, ड्रॉइंग बोर्ड, टोकदार पेन्सिल आणि पांढरा कागद. प्रकाश ७५ मिमी लांबीच्या बाजूने आत जातो, म्हणून काचेतली जाडी ५० मिमी. आपाती किरणावरच्या दोन टाचण्यांमधले अंतर ८० मिमी ठेवले. दुसऱ्या बाजूने पाहून आणखी दोन टाचण्या पहिल्या दोघींच्या प्रतिमांच्या रेषेत लावल्या. चीप उचलल्यावर प्रवेशबिंदू आणि निर्गमबिंदू जोडून अपवर्तन कोन r मोजला. प्रतिमा जुळवताना टाचण्यांचे तळ पाहावेत. डोकी पाहिली की टाचणी जराशी वाकडी असली तरी फसवते.

कोनांची अनिश्चितता किती धरली

कोनमापकावर अर्धा अंश अंदाजे वाचता येतो, वाचनासाठी ±०.३° धरले. टाचणीचे भोक आणि पेन्सिलची रेघ मिळून सुमारे ०.४ मिमी चूक होऊ शकते. ८० मिमी अंतरावर ती ०.२९° होते, काचेतल्या साधारण ६१ मिमी मार्गावर (r = ३५°) ०.३८°. वाचनाशी वर्गांच्या बेरजेने जोडल्यावर आपाती कोन i साठी ०.४१° आणि r साठी ०.४८° येते. दोन्हींसाठी ±०.५° घेतले, म्हणजे ०.००८७३ रेडियन. अंश रेडियनमध्ये न बदलता खालच्या सूत्रात घातले, तर अनिश्चितता ५७ पट फुगते. ही चूक सर्रास होते.

n = sin i / sin r

Δn/n = √[(cot i · Δi)² + (cot r · Δr)²]

निरीक्षणे

| i | r | n | Δn |
|---|---|---|---|
| २०.०° | १३.५° | १.४६५ | ०.०६४ |
| ३०.०° | १९.०° | १.५३६ | ०.०४५ |
| ४०.०° | २५.५° | १.४९३ | ०.०३१ |
| ५०.०° | ३०.५° | १.५०९ | ०.०२५ |
| ६०.०° | ३५.०° | १.५१० | ०.०२० |
| ७०.०° | ३८.५° | १.५१० | ०.०१७ |

६०° चे उदाहरण: cot i = ०.५७७, cot r = १.४२८; वर्गांच्या बेरजेचे मूळ १.५४०. त्याला ०.००८७३ ने गुणले की १.३ टक्के, म्हणून Δn = ०.०२०. r नेहमी i पेक्षा लहान, त्यामुळे cot r मोठा. अनिश्चिततेचा मोठा वाटा r चाच असतो. वेळ खर्चायचा तर काचेतली रेघ नीट आखण्यात खर्चावा.

२०° ची ओळ १.४६५ देते, पण तेवढ्यावरून ती वगळलेली नाही. तिची स्वतःची अनिश्चितता ०.०६४ आहे, म्हणजे ती बाकीच्यांशी सुसंगतच आहे. मात्र साध्या सरासरीत तिला ७०° इतकेच महत्त्व मिळते, ते योग्य नाही. म्हणून १/Δn² या भाराने सरासरी काढली: n = १.५०८, अनिश्चितता ०.०१०.

पडताळणीसाठी sin i विरुद्ध sin r आलेख काढला. भार न देता चढ १.५२ ± ०.०२ आणि अंतःखंड −०.००७ ± ०.०१० मिळाला. रेषा आरंभबिंदूतून जाते असे मानायला हरकत नाही. रेषा जबरदस्तीने आरंभबिंदूतून काढली असती, तर ही तपासणीच झाली नसती.

स्तंभिकेची चूक

स्तंभिका तिरकी आखली गेली तर i आणि r दोन्ही एकाच दिशेने तितकेच सरकतात. परिणाम n × (cot i − cot r) × चूक एवढा होतो: ६०° ला अर्ध्या अंशाच्या तिरकेपणाने n सुमारे ०.०११ ने बदलतो. सगळी निरीक्षणे स्तंभिकेच्या एकाच बाजूला असतील, तर सरासरी ही चूक पकडत नाही. म्हणून त्याच स्तंभिकेच्या दुसऱ्या बाजूने i = ७०° पुन्हा घेतला: r = ३८.०°, n = १.५२६. दोन बाजूंचा फरक ०.०१७ वाचनाच्या अनिश्चिततेत (०.०२४) बसतो, तरीही खबरदारी म्हणून त्याचा अर्धा भाग, ०.००८, नियमित चूक धरून जोडला: √(०.०१०² + ०.००८²) ≈ ०.०१३.

निष्कर्ष

n = १.५०८ ± ०.०१३ (पांढरा प्रकाश)

अनिश्चिततेचा पहिला अंक १ असल्याने दोन अंक ठेवले. साध्या सोडा-लाइम काचेचे सुमारे १.५२ हे मूल्य या मर्यादेत येते. तिसऱ्या दशांशाबद्दल मात्र फार दावा करता येत नाही: क्राऊन काचेत निळ्या आणि तांबड्या प्रकाशाच्या अपवर्तनांकांतला फरकच सुमारे ०.००८ असतो, आणि ७०° ला टाचण्यांच्या प्रतिमांना रंगीत कडा दिसतात.

काचेतला मार्ग लांबावा म्हणून चीप आडवी फिरवली, तर फायदा होत नाही. ५० मिमीच्या बाजूने कोपऱ्याजवळून आत गेलेला किरणही r सुमारे ३१° च्या वर गेला की बाजूच्या पृष्ठभागावर आदळतो, म्हणून i ५०° च्या आसपासच थांबतो. तिथे Δn ०.०२० च्या खाली जात नाही. ७०° ला साध्या मांडणीतच तो ०.०१७ आहे.