शब्दसूची आणि लेखनाचे नियम : दादर, गिरगाव, पार्ले

तिन्ही हॉटेलांच्या पाट्या, खोलीतली माहितीपत्रके, बिले आणि बुकिंगचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप यांना हे लागू आहे. आजवर एकाच ‘चेक-आउट’चे दादरला ‘निर्गमन’, पार्ल्यात ‘प्रस्थान’ आणि गिरगावात ‘रूम खाली करणे’ झाले. मराठीत ‘खाली’ म्हणजे तळाशी. खोली रिकामी होते.

शब्द

चेक-आउट : खोली सोडणे. पाटीवर ‘खोली सोडण्याची वेळ : सकाळी ११’.

डिपॉझिट : अनामत. ही परत मिळते.
अ‍ॅडव्हान्स : आगाऊ रक्कम. ही बिलातून वजा होते. या दोन्हींना ‘जमा रक्कम’ म्हणू नये. काउंटरवरचे निम्मे वाद तिथूनच निघतात.

एक्स्ट्रा बेड : जादा गादी. दादरच्या दरपत्रकात ‘जादा पलंग’ छापले होते. सांगलीहून आलेल्या आजींचे गुडघे दुखत होते, म्हणून मुलाने मुद्दाम पैसे भरून पलंग मागितला; रात्री खोलीत आली जमिनीवर अंथरायची गादी. त्यांची तक्रार रास्त होती. आपण गादी देतो, तर गादीच लिहावे. इंग्रजी दरपत्रकातही आता ‘फ्लोअर मॅट्रेस’ असेल.

ग्राउंड फ्लोअर : तळमजला. अमेरिकन पाहुणे यालाच पहिला मजला म्हणतात, म्हणून त्यांच्या निरोपात मजल्यासोबत खोली क्रमांक द्यावा.

कॉम्प्लिमेंटरी : मोफत. ‘मानार्थ’ नको.

लिफ्ट, गिझर, टॉवेल, रिसेप्शन, वाय-फाय : आहेत तसेच. ‘उद्वाहन’ वाचून कोणी लिफ्ट शोधत नाही.

थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, कोथिंबीर वडी : इंग्रजी मेनूतही हीच नावे. खाली एका ओळीत घटक लिहावेत. थालीपीठाला ‘पॅनकेक’ केले की गोड समजून मागवतात. खिचडीत शेंगदाणे असतात, ते न विसरता लिहावे. अ‍ॅलर्जी असणाऱ्याला त्याची गरज असते.

लेखन

पाहुण्यांना नेहमी ‘आपण’. सूचना ‘कृपया … करा’ अशी. ‘सक्त मनाई’ फक्त आग आणि वीज यांच्या पाट्यांवर. ‘केले, झाले’ लिहावे, ‘केलं, झालं’ बोलण्यात.

पाटीवर मराठी वर आणि अक्षरे इंग्रजीपेक्षा लहान नाहीत. दर्शनी नामफलकासाठी राज्याचा तसा कायदाच आहे. आतल्या पाट्यांनाही आपण तोच नियम लावतो.

मराठी मजकुरात देवनागरी अंक : ₹१,२५,०००. वेळेआधी सकाळी, दुपारी, रात्री लिहावे. ‘शनिवारी रात्री १२’ लिहू नये, कारण तो शुक्रवार संपताना की शनिवार संपताना, हे कळत नाही. ‘शनिवारी रात्री ११.५९ पर्यंत’ लिहावे.

पत्ता सांगताना आजची स्टेशननावे : प्रभादेवी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. जुने पाहुणे ‘एल्फिन्स्टन’ विचारतात. फोनवर तेही सांगावे, छापू नये.

नवा शब्द अडला तर रात्रपाळीने परस्पर ठरवू नये. रिसेप्शनच्या वहीत इंग्रजी वाक्य पूर्ण उतरवावे. नुसता शब्द पुरत नाही. दर सोमवारी तिन्ही वह्या एकत्र बघून शब्द ठरेल आणि त्यानंतरच पाटी छापायला जाईल.